ड्रायव्हर मागच्या गेटवर, आपण पुढच्या गेटवर : सोसायटीतला पिकअप पॉइंट मेसेजमध्ये नेमका कसा सांगायचा?

"भाऊ, लोकेशन पाठवलंय, तिथंच या."

गेल्या डिसेंबरमध्ये मी पुण्यात बसून यवतमाळच्या एका कॅब ड्रायव्हरला हा मेसेज पाठवला. मेसेज पोहोचला, निळ्या टिका आल्या, ड्रायव्हर वेळेत निघाला आणि लोकेशनवर वेळेत पोहोचलाही. तरीही आई-बाबांची गाडी चुकली.

आमचं घर यवतमाळमध्ये एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये आहे. ए पासून के पर्यंत अकरा बिल्डिंगा, मध्ये मंदिर, एक मोठं गेट मेन रोडवर आणि एक मागच्या गल्लीत. यवतमाळहून रेल्वेनं मुंबईला जायचं म्हटलं की बरेचजण धामणगावला जाऊन गाडी पकडतात. कॅबनं तासाभराचा रस्ता. दुसऱ्या दिवशी बाबांची मुंबईत डॉक्टरांकडं अपॉइंटमेंट होती, म्हणून मी इथूनच फोनवर कॅब ठरवली होती. बाबांनी हॉलमध्ये सोफ्यावर बसून मला व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलं आणि मी ते ड्रायव्हरला फॉरवर्ड केलं.

ठरलेल्या वेळी ड्रायव्हरचा फोन आला, "दादा, मी लोकेशनवर आलो, तुम्ही कुठं हाय?" मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आम्ही तर कधीचे गेटवर उभे आहोत." दोघंही खरं बोलत होते. ड्रायव्हर मागच्या गल्लीत, कुलूप लावलेल्या गेटसमोर होता. आई-बाबा मेन गेटवर. मधे अख्खं कॉम्प्लेक्स. गल्ली अरुंद, पुढं नालीचं काम चाललेलं. गाडी रिव्हर्स घेऊन, पूर्ण वळसा मारून मेन गेटवर यायला तेवीस मिनिटं गेली. ते धामणगावला पोहोचले तेव्हा गाडी सुटून सहा मिनिटं झाली होती. डॉक्टरांची पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर हेच डोक्याचं काम करतो, आणि चूक माझीच होती. म्हणून नंतर बसून नीट शोधलं की नेमकं काय बिघडलं. तेच इथं सांगतो.

पिन बरोबर होती, रस्ता चुकला

आपल्याला वाटतं, नकाशावर पिन टाकली की ॲप गाडीला त्या पिनपर्यंत नेतं. तसं नसतं. गाडी फक्त रस्त्यावरून जाऊ शकते, आणि ॲपसाठी रस्ता म्हणजे नकाशात कोणीतरी काढून ठेवलेली एक रेघ. त्यामुळे ॲप आधी पिनजवळची एक रेघ शोधतं, त्या रेघेवरचा पिनला सगळ्यात जवळचा बिंदू पकडतं आणि मार्ग त्या बिंदूपर्यंत काढतं. या प्रकाराला स्नॅपिंग म्हणतात. पिन उचलून जवळच्या रस्त्याला चिकटवायची, असं समजा.

आता आमच्या कॉम्प्लेक्सचं बघा. आमची एच बिल्डिंग सगळ्यात मागे आहे. तिथून मागची गल्ली सरळ रेषेत साधारण २५ मीटर, आणि मेन रोड साधारण २१० मीटर. कॉम्प्लेक्सच्या आतले सिमेंटचे रस्ते नकाशात कोणी काढलेलेच नव्हते. म्हणजे ॲपपुढं दोनच पर्याय उरले : २५ मीटरवरची गल्ली किंवा २१० मीटरवरचा मेन रोड. त्यानं गल्ली निवडली. मधे आठ फुटांची कंपाउंड वॉल आहे आणि तिथल्या गेटला कायम कुलूप असतं, हे त्याला कळणार कसं? नकाशात ना भिंत होती, ना गेट, ना कुलूप.

प्रत्येक ॲपचं आतलं गणित थोडं वेगळं असतं. विमानतळ, मॉल किंवा मोठ्या शहरांतल्या टाउनशिप अशा जागांसाठी काही कॅब ॲप्स पिकअपचे ठराविक पॉइंट आधीच नोंदवून ठेवतात. पण जिथं अशी नोंद नाही, तिथं जवळचा रस्ता हाच आधार. जिल्ह्याच्या गावातल्या कॉम्प्लेक्सचं बहुतेक असंच असतं.

ही चूक आधीच ओळखता येते, आणि त्याला अर्धं मिनिट लागतं. आलेली किंवा तुम्ही पाठवणार असलेली पिन मॅप्समध्ये उघडा. डायरेक्शन्समध्ये सुरुवातीची जागा 'माझं लोकेशन' न ठेवता ड्रायव्हर जिकडून येणार ती टाका, आमच्याकडं यवतमाळ बसस्टँड. प्रवास कारचा निवडा. आता नकाशा मोठा करून निळी रेघ कुठं संपते ते बघा. ती तुमच्या गेटवर संपत असेल तर उत्तम. ती दुसऱ्याच गल्लीत संपत असेल आणि तिथून पिनपर्यंत बारीक ठिपके दिसत असतील, तर ड्रायव्हर तिथंच जाऊन थांबणार. ठिपक्यांचा अर्थ असा की गाडी इथवर, पुढं पायी. मी हे त्या दिवशी बघितलं असतं तर ठिपके सरळ भिंतीतून जाताना दिसले असते.

यावरून पहिला नियम निघतो : पिन घरावर टाकू नका, जिथून गाडी आत शिरणार त्या गेटवर टाका. घर कुठं आहे ते शब्दांत सांगता येतं. गाडी कुठल्या रस्त्यानं न्यायची हे मात्र ड्रायव्हर ॲपवर सोडतो, त्यामुळे ॲपला गेटच दिलं पाहिजे.

सोफ्यावरून पाठवलेलं लोकेशन

यात दुसरी गडबडही होती. बाबांनी घरात बसून लोकेशन पाठवलं होतं. जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,००० किलोमीटर वर असतात. फोन त्यांच्या सिग्नलला यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. सिग्नल प्रकाशाच्या वेगानं येतो, म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात तो ३०० मीटर जातो. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. पण उंच बिल्डिंगांमध्ये सिग्नल समोरच्या भिंतीवर आपटून, वळसा घेऊन फोनपर्यंत येतो. तो वळसा ३० मीटरचा असेल तर त्या उपग्रहाचं अंतर फोन तेवढंच जास्त धरतो आणि आपली जागा नकाशावर सरकते. स्लॅबखाली तर सिग्नल इतका कमजोर होतो की फोन आजूबाजूच्या वाय-फायवरून आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. अंदाजच तो, चुकायचाच.

फोन हे लपवत नाही, आपणच बघत नाही. व्हॉट्सॲपमध्ये सध्याचं लोकेशन पाठवताना त्या पर्यायाच्या खाली बारीक अक्षरात `Accurate to 48 meters` असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे खरी जागा या पिनपासून साधारण ४८ मीटरच्या वर्तुळात कुठंही असू शकते. आमच्याकडं २५ मीटरवर दुसरी गल्ली आहे, तिथं ४८ मीटरचा अंदाज काय कामाचा? आणि एकदा लोकेशन फॉरवर्ड केलं की पुढच्या माणसाला फक्त पिन दिसते. ती किती भरवशाची आहे हे त्याला कळत नाही.

यावर दोन उपाय आहेत. तुम्ही स्वतः तिथं असाल तर गेटबाहेर मोकळ्यावर जा, फोनचं लोकेशन चालू करून अर्धा मिनिट थांबा आणि तो आकडा दहाच्या खाली आल्यावर पाठवा. हे प्रवासाच्या दिवशीच करायला हवं असं नाही. एकदा करून तो मेसेज स्टार करून ठेवला की कायम कामाला येतो.

माझ्यासारखे तुम्ही दुसऱ्या शहरात असाल, तर मॅप्समध्ये सॅटेलाइट व्ह्यू लावा. कंपाउंडची रेघ, आतला सिमेंटचा रस्ता आणि तो मेन रोडला जिथं मिळतो ती जागा बहुतेक वेळा स्पष्ट दिसते. नेमकी तिथं बोट दाबून धरा, लाल पिन पडेल, ती शेअर करा. पिनसोबत आकडेही दिसतात, `20.39000, 78.12000` अशा धर्तीचे. हे कुणाला टाइप करून पाठवणार असाल तर दशांशानंतरचे पाच अंक पूर्ण पाठवा. तीनच अंक ठेवले तर जागा शंभरेक मीटरच्या हिशोबात जाते, पाच ठेवले तर मीटरभराच्या.

काहीजण म्हणतील, मग डिजीपिन वापरा की. भारतीय टपाल खात्यानं २०२५ मध्ये आणलेला हा दहा अक्षरांचा कोड देशातला साधारण चार बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. अचूक आहेच. पण अचूक चौकोन भिंतीच्या आतला असेल तर ॲप पुन्हा भिंतीपलीकडच्या गल्लीतच गाडी नेऊ शकतं. कोड 'कुठे' सांगतो, 'कुठून' सांगत नाही. ते सांगायला मेसेज लागतो.

मेसेज कुठल्या क्रमानं लिहायचा?

त्या दिवशी गडबडीत मी ड्रायव्हरला दुसरा मेसेज पाठवला होता : "एच ४०२, मंदिराच्या मागे, मेन गेटनं आत या." यात खोटं काहीच नाही. पण हा माझ्या बाजूनं लिहिलेला मेसेज आहे. मी घरातून बाहेर विचार करतो : आधी फ्लॅट, मग बिल्डिंग, मग मंदिर, शेवटी गेट. ड्रायव्हर उलटा येतो : आधी रोड, मग गेट, मग वॉचमन, मग वळण, शेवटी बिल्डिंग. त्याला सगळ्यात आधी लागणारी गोष्ट मी सगळ्यात शेवटी लिहिली होती. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळच दिसते, तिथं त्याला "एच ४०२" दिसलं असणार. गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

तीन आठवड्यांनी पुन्हा जायची वेळ आली तेव्हा मी गेटची पिन आणि हा मेसेज पाठवला :

> मेन गेटनं या. मागच्या गल्लीतलं गेट बंद असतं.
> बसस्टँडकडून येताना पेट्रोल पंपाच्या पुढं डाव्या हाताला डीपी आहे. डीपीला लागूनच मेन गेट.
> वॉचमनला सांगा : एच ४०२.
> आत सरळ या, मंदिराजवळ उजवीकडं वळा. शेवटची बिल्डिंग एच.
> आई-बाबा एचच्या खाली थांबतील, दोन बॅगा आहेत. फोन बाबांना करा, नंबर खाली देतोय.

पहिली ओळ निर्णयाची आहे. ज्या दोन जागांमध्ये गोंधळ होऊ शकतो त्या दोन्ही तिच्यात आहेत : कुठं यायचं आणि कुठं यायचं नाही. नुसतं "मेन गेट" पुरत नाही, कारण मागच्या गल्लीत पोहोचलेल्या माणसाला समोरचं मोठं लोखंडी गेटच मेन वाटतं. "मागचं गेट बंद असतं" हे वाचलेलं असलं की कुलूप दिसताच तो फोन करायच्या आधी गाडी वळवतो.

दुसऱ्या ओळीत "बसस्टँडकडून येताना" हे शब्द गाळू नका. डावं-उजवं हे गाडीच्या तोंडावर ठरतं. समोरून येणाऱ्यासाठी तीच डीपी उजव्या हाताला असते. "समोर", "बाजूला", "पलीकडं" हे शब्द तर टाळाच, ते आपण कुठं उभं राहून बोलतोय यावर अवलंबून असतात. खूण निवडताना मी दोन गोष्टी बघतो : ती जागची हलत नाही ना, आणि अंधारात दिसते ना. डिसेंबरात सहा वाजता अंधार पडतो. "पिवळी बिल्डिंग" रात्री पिवळी दिसत नाही, आणि चहाची टपरी बंद झाली की ती खूण गेली. डीपी मात्र हेडलाइटच्या उजेडात लगेच कळते.

तिसरी ओळ वॉचमनसाठी आहे. गेटवर सगळ्यात जास्त वेळ "कोणाकडं जायचं?" या प्रश्नात जातो. कॅब तुमच्या नावानं बुक झालेली असते आणि वॉचमन मात्र बाबांच्या नावानं घर ओळखतो. म्हणून रजिस्टरमध्ये जे लिहायचं तेच शब्द ड्रायव्हरच्या तोंडात द्या, आणि वॉचमनलाही आधी सांगून ठेवा.

चौथ्या ओळीत आतला रस्ता आहे. जितकी वळणं तितकीच वाक्यं, आणि प्रत्येक वळणाला एक खूण. आतमध्ये तीनपेक्षा जास्त वळणं लागत असतील तर ती लिहू नका, कुणीतरी गेटवर जाऊन गाडीत बसा आणि आत घेऊन या. सोबत सामान नसेल, वयस्कर माणूस नसेल, तर गाडी आत बोलवायचीच कशाला? गेटवर जाऊन उभं राहणं सगळ्यात सोपं. रजिस्टर, आतलं वळण, पार्किंगमधून गाडी फिरवणं, सगळं वाचतं.

पाचव्या ओळीतला फोन नंबर मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट आहे. बुकिंग मी केलं होतं म्हणून ड्रायव्हरचा प्रत्येक फोन पुण्याला येत होता. मी बाबांना विचारायचो, मग ड्रायव्हरला सांगायचो, तोवर तो पुढं गेलेला असायचा. तेवीसपैकी निदान आठ-दहा मिनिटं तरी अशीच गेली असतील. दुसऱ्यासाठी कॅब बोलावताना जो माणूस जागेवर उभा आहे त्याचा नंबर द्या.

मेसेज केव्हा पाठवायचा हेही बघा. गाडी सुरू असताना पाच ओळी वाचायला लावणं धोक्याचं आहे. गाडी आधी ठरलेली असेल तर तो निघण्यापूर्वी पाठवा आणि फोन करून एकदा तोंडानं म्हणून दाखवा. ॲपवरून लगेच येणारी कॅब असेल तर फक्त पहिली ओळ टाका, बाकीचं तो गेटवर आल्यावर फोनवर सांगा. वाचायला वेळ लागणारा ड्रायव्हर असेल तर याच क्रमानं वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवा. त्या दिवशीची गंमत सांगतो : माझा मेसेज मराठीत होता पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. नंतर ड्रायव्हरच म्हणाला, "देवनागरीत टाकत जा दादा, पटकन वाचता येते."

तरीही अडलंच तर?

मेसेज कितीही नीट असला तरी गेटसमोर मांडव पडलेला असू शकतो किंवा रोड खोदलेला असू शकतो. अशा वेळी लाइव्ह लोकेशन कामाला येतं, पण ते चालत्या माणसाचं असावं. तुम्ही गाडीच्या दिशेनं मोकळ्यात चालत निघालात की ड्रायव्हरला ठिपका हलताना दिसतो आणि तो थांबून वाट बघू शकतो. व्हॉट्सॲपमध्ये पंधरा मिनिटांचाच पर्याय निवडा आणि गाडीत बसल्यावर बंद करा. आठ तासांचा पर्याय निवडून विसरलात तर अनोळखी माणसाला दिवसभर तुमचा पत्ता दिसत राहील.

आणि एक काम कायमचं करून टाका, नकाशाच दुरुस्त करा. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून मी आमच्या कॉम्प्लेक्सचा आतला रस्ता काढला, मेन गेट नोंदवलं आणि मागच्या गेटवर हे दोन टॅग लावले :

```
barrier=gate
access=no
```

म्हणजे इथं गेट आहे आणि इथून जाता येत नाही. हा नकाशा वापरणाऱ्या ॲप्सना हळूहळू ते कळतं. गुगल मॅप्सचा नकाशा वेगळा आहे, तिथं राहून गेलेला रस्ता सुचवायची सोय आहे. ती सूचना तपासली जाते, लगेच दिसेलच असं नाही. तोपर्यंत गेटवरची पिन आणि त्या पाच ओळी आहेतच.

दुसऱ्या वेळी ड्रायव्हर नवीन होता, आमच्या भागात कधी न आलेला. मी पुण्यात फोन हातात धरून बसलो होतो. फोन वाजलाच नाही. पंधरा मिनिटांनी बाबांचा मेसेज आला : "निघालो. धामणगावला चहा प्यायला वेळ आहे."